कोपरे उचलले तर बेड बघा, तारा सुटल्या तर नोझल: पीएलए, पीईटीजी आणि एबीएसची तापमानं

थ्री-डी प्रिंटरवाल्यांकडून दोन तक्रारी सतत येतात. प्रिंट अर्ध्यावर आली की कोपरे बेडवरून उचलले जातात, किंवा प्रिंट पूर्ण होते पण आतून कोळ्याची जाळी लागल्यासारख्या तारा लोंबत असतात. दोन्हींवर पहिला उपाय ठरलेला: तापमान बदलून बघायचं. मग नोझल दहा अंशांनी वर, बेड पाच अंशांनी खाली, पुन्हा उलट. चार प्रिंटनंतर नेमक्या कशाने काय बदललं ते कुणालाच सांगता येत नाही.

हा घोळ होतो कारण नोझल आणि बेड ही एकाच गोष्टीची दोन बटणं आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोघांची कामं वेगळी आहेत. नोझलचं तापमान ठरतं प्लास्टिक किती सहज वाहायला हवं यावरून. बेडचं तापमान ठरतं ते प्लास्टिक थंड होताना कोणत्या अंशाला कडक होतं यावरून. कोपरे उचलत असतील तर नोझलशी सहसा काही देणंघेणं नसतं. तारा सुटत असतील तर बेड कितीही बदला, फरक पडणार नाही. एवढं एक धरून ठेवलं तर निम्मी शोधाशोध संपते.

खाली एकाच डब्याची गोष्ट घेतो, कारण तो तिन्ही प्लास्टिकमधून गेला आणि प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने बिघडला.

डबा आणि प्रिंटर

चिपळूणच्या एका ओळखीच्या गृहस्थांना गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पातळी दाखवणारा सेन्सर बसवायचा होता. त्यासाठी डबा हवा होता: १५० मिमी लांब, ९० रुंद, ५० उंच, आत सर्किट बसवायला चार कोपऱ्यांत चार स्क्रूचे खांब. प्रिंटर साधा, उघड्या चौकटीचा. फिलामेंट ढकलणारी मोटर बाजूला आणि तिथून प्लास्टिक वितळवणाऱ्या हॉटएंडपर्यंत लांब पांढरी नळी, म्हणजे बाउडन रचना. बेडवर काच.

पहिला डबा पीएलएमध्ये झाला आणि छान झाला. एप्रिलअखेर गच्चीवर लावला आणि मे महिन्यात झाकण वाकडं होऊन मधोमध खचलं. यात प्रिंटरची चूक नव्हती. पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं, आणि उन्हात तापलेल्या बंद डब्याला तिथवर जायला वेळ लागत नाही. हा ५५-६० चा आकडा लक्षात ठेवा, कारण बेडचं तापमान त्याच्याशीच बांधलेलं आहे.

मग त्यांनी एबीएस आणलं. कोपरे उचलले. मग पीईटीजी आणलं. तारा सुटल्या.

बेडचा आकडा कुठून येतो

नोझलमधून बाहेर पडलेलं प्लास्टिक थंड होत असताना आकसतं. जोवर ते मऊ आहे तोवर आकसण्याने काही बिघडत नाही, ते थोडं ओढलं जातं आणि जुळवून घेतं. पण एका अंशाखाली ते कडक होतं, आणि तिथून पुढचं सगळं आकसणं ताण म्हणून आतच साठत जातं. पीएलएमध्ये हा टप्पा ६० च्या आसपास, पीईटीजीमध्ये ८० च्या थोडं खाली, एबीएसमध्ये १०५ च्या जवळ.

आता १५० मिमीच्या डब्याचा हिशोब करू. एबीएस एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००९ पट आकसतं. १०५ अंशांना कडक झालं आणि खोलीच्या ३० अंशांपर्यंत आलं, म्हणजे ७५ अंशांचा फरक. ७५ गुणिले ०.००००९ गुणिले १५० म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. पीएलएला हाच प्रवास ६० पासून ३० पर्यंत, फक्त ३० अंशांचा. अंशामागे आकसणंही थोडं कमी, साधारण ०.००००७ पट. उत्तर येतं ०.३ मिमी. पीईटीजी दोघांच्या मध्ये, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

म्हणजे डबा तोच, पण एबीएसमध्ये त्याची लांब भिंत पीएलएच्या तिप्पट आकसायला बघते. खालचा थर बेडला चिकटून जागेवर धरलेला आहे, वरचे थर आखडत आहेत. वाळत घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी सुकते आणि कडा वर वळतात, तेच इथे होतं. ओढ लांबीभर साठते आणि सुटायला जागा सापडते ती टोकाला, म्हणून कोपराच आधी उचलतो. त्यातही टोकदार काटकोनी कोपरा गोल कोपऱ्याच्या आधी उचलतो. मॉडेलमध्ये कोपरे चार-पाच मिमी गोल करता येत असतील तर जरूर करा. तापमानाला हात न लावता मिळणारा हा फायदा आहे आणि तो फार कमी जण घेतात.

बेडचं काम एवढंच की तळाचे थर त्या कडक होण्याच्या अंशाजवळ ठेवायचे, म्हणजे त्यांच्यात ताण साठत नाही आणि पकडही टिकते. म्हणून बेडचा आकडा प्लास्टिकच्या मऊ पडण्याच्या अंशाच्या आसपास, शक्यतो किंचित खाली असतो. सुरुवात करायला हे आकडे घ्या:

| प्लास्टिक | नोझल | बेड | थंड करणारा पंखा |
|---|---|---|---|
| पीएलए | २००–२१५ | ५५–६० | पहिल्या थरानंतर पूर्ण |
| पीईटीजी | २३०–२४५ | ७०–८० | ३० ते ५० टक्के |
| एबीएस | २३५–२५० | १००–११० | बंद, किंवा अगदी थोडा |


हे आकडे साध्या वेगाचे, म्हणजे सेकंदाला ५०-६० मिमीचे आहेत. हल्लीच्या वेगवान प्रिंटरवर नोझल याहून गरम लागतं. कारण पुढे तारांच्या भागात येईलच.

एबीएसचे कोपरे: बेड १०० वर होता, तरीही उचलले

चिपळूणच्या डब्यात बेड स्क्रीनवर १०० दाखवत होता. आकडा बरोबर होता, तरी दहा-बारा मिमी उंचीला पोचेपर्यंत दोन कोपरे काचेवरून सुटले. स्वाभाविकपणे त्यांनी बेड ११० केला. त्या प्रिंटरचा बेड १०४ च्या पुढे जाईचना. मग नोझल २५० केलं, तेव्हाही कोपरे उचललेच.

अशा वेळी आधी तपासायचं ते स्क्रीनवरचा आकडा आणि काचेवरचं तापमान यांतलं अंतर. बेडचं तापमान मोजणारा थर्मिस्टर बेडच्या खाली, मध्यभागी असतो. वर तीन-चार मिमीची काच आहे. स्क्रीनवर १०० आले की प्रिंटर लगेच काम सुरू करतो, पण काचेच्या वरच्या बाजूला तेव्हा ८०-८५ च असू शकतात, आणि कडेला त्याहूनही कमी. १५० मिमीच्या डब्याचे कोपरे नेमके त्या थंड पट्ट्याकडे जातात.

मोजायचं असेल तर मल्टिमीटरसोबत येणारी तापमान मोजायची तार काचेला टेपने चिकटवून मोजा. लाल ठिपक्याची बंदूक वापरणार असाल तर चकचकीत धातूच्या पत्र्यावर सरळ रोखू नका, ती खूप कमी आकडा दाखवते. पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावा, तो तापू द्या आणि टेपवर मोजा.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. बेड तापल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, मगच नोझल तापवायचं. मॉडेलवरून प्रिंटरसाठी आज्ञा तयार करणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्लायसर. त्यातल्या सुरुवातीच्या जी-कोडमध्ये ते असं लिहिता येतं:

```
M190 S100
G4 S600
M109 S240
```

पहिली ओळ बेड १०० होईपर्यंत थांबते, दुसरी ६०० सेकंद वाट बघते, तिसरी नोझल २४० ला नेते. क्रम महत्त्वाचा आहे. नोझल आधी तापवून दहा मिनिटं ठेवलं तर आतलं प्लास्टिक गळत राहतं आणि उगाच शिजतं.

दुसरी गोष्ट तपासायची ती छताकडे बघून. प्रिंटर ज्या खोलीत होता तिथे पंखा चालू होता. पावसाळ्यापूर्वीच्या उकाड्यात कोण बंद ठेवेल? पण बेड फक्त खालचे काही मिलिमीटर गरम ठेवतो. वर पाच-सात मिमी गेलं की प्लास्टिकभोवती बेडची नाही, खोलीची हवा असते, आणि ती हलती असेल तर थर क्षणात कडक होतो. एबीएसचे कोपरे ठरावीक उंचीनंतरच उचलायला लागतात ते यामुळे. पहिल्या थरालाच उचलत असतील तर संशय चिकटण्यावर घ्या: काच तेलकट आहे, नोझल वर आहे किंवा बेड खरंच थंड आहे. दहा मिमीनंतर उचलत असतील तर संशय हवेवर घ्या. ही खूण फार उपयोगी आहे.

त्यांनी पंखा बंद केला आणि प्रिंटरवर मोठं खोकं उपडं ठेवलं. आतली हवा ४५-५० पर्यंत गेली. आता वरचा हिशोब पुन्हा करा: १०५ वरून ३० ऐवजी ५० पर्यंतच उतरायचं आहे, म्हणजे ५५ अंश. एक मिलिमीटरचं आकसणं प्रिंट चालू असताना पाऊण मिमीवर आलं. उरलेलं पाव मिमी शेवटी, डबा पूर्ण बनल्यावर, सगळीकडे सारखं आकसतं आणि त्याने कोपरा उचलत नाही. अट एवढीच की प्रिंट संपल्यावर खोकं लगेच काढायचं नाही.

खोक्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पुठ्ठा पेटतो, म्हणून असा प्रिंटर एकटा सोडून झोपायला जाऊ नका, आणि वीजपुरवठ्याचा डबा व मदरबोर्ड शक्यतो खोक्याबाहेर काढा, ५० अंशांच्या हवेत त्यांचा पंखा पुरत नाही. एबीएसचा वासही नुसता त्रासदायक नाही, त्यात स्टायरीनची वाफ असते. खोक्याच्या आत ऊब हवी, पण खोलीची खिडकी उघडी हवी.

तेवढ्याने चारपैकी तीन कोपरे बसले. चौथा किंचित उचलला, तिथे ८ मिमीची ब्रिम दिल्यावर तोही बसला. ब्रिम म्हणजे डब्याभोवती एका थराची पातळ झालर, पकडीचं क्षेत्र वाढवणारी. नंतर कटरने काढता येते.

आणि नोझलचे २५० अंश? त्यांचा काहीच उपयोग झाला नव्हता, उलट धोका होता. या जातीच्या स्वस्त हॉटएंडमध्ये पांढरी पीटीएफई नळी थेट नोझलच्या पाठीपर्यंत गेलेली असते. २४० च्या वर तिचं टोक हळूहळू खराब होतं, तिथे फट पडते, फटीत प्लास्टिक साचतं आणि पुढच्या आठवड्यात न समजणारा चोक होतो. तापलेल्या पीटीएफईच्या वाफा पाळीव पक्ष्यांना तर जीवघेण्या ठरतात. अशा हॉटएंडवर एबीएस २३५-२४० ला, थोड्या कमी वेगाने छापा. त्याहून वर जायचं असेल तर पूर्ण धातूचा हॉटएंड बसवा.

एबीएसमध्ये नोझल वाढवावं लागतं ते वेगळ्या दोषासाठी. कोपरे बेडला घट्ट आहेत, पण भिंत मध्येच, दोन थरांच्या मध्ये आडवी तडकली असेल, तर ताण तोच आहे, फक्त बेडऐवजी थरांमधली कमजोर जागा सुटली. तिथे नोझल पाच-दहा अंश वर, थंड करणारा पंखा पूर्ण बंद, आणि भोवतालची हवा गरम.

जाता जाता पीएलएबद्दल. पीएलएचे कोपरे उचलले की बेड ६० वरून ७० करायची सवय अनेकांना असते. ती उलटते. ७० वर पीएलए मऊ पडण्याच्या अंशाच्या वर आहे, तळाचे थर रबरासारखे राहतात आणि वरचे थर आकसले की त्यांना धरून ठेवायची ताकद तळात नसते. शिवाय खालचा काठ बाहेर पसरतो, हत्तीच्या पायासारखा, आणि झाकण बसत नाही. पीएलएचा कोपरा उचलत असेल तर बेड ६० वरच ठेवा, काच भांडी घासायच्या साबणाने धुवा आणि नोझलची उंची तपासा. दहातल्या नऊ वेळा बोटांचं तेलच निघतं.

पीईटीजीच्या तारा

एबीएसचा डबा जमला, पण त्यांना वासाचा कंटाळा आला आणि झाकणासाठी त्यांनी पीईटीजी घेतलं. ८० च्या थोडं खालपर्यंत टिकतं, आकसतं कमी, खोकं लागत नाही. जुलै उजाडला होता. झाकणावर चार टेकू होते आणि प्रत्येक दोन टेकूंच्या मध्ये केसांसारख्या तारांचा पुंजका.

तार कशी होते ते बघू. नोझल एका टेकूवरून दुसऱ्याकडे रिकामं जातं तेव्हा आतलं पातळ प्लास्टिक स्वतःच्या दाबाने बाहेर येत राहतं. नोझल जितकं गरम तितकं ते पातळ, आणि तितकं जास्त गळणार. रिट्रॅक्शन, म्हणजे फिलामेंट क्षणभर मागे ओढणं, हा दाब कमी करतं. मोटर हॉटएंडवरच असेल तर अर्धा ते एक मिमी पुरतो. बाउडन नळीत चार ते सहा मिमी लागतात, कारण नळीतला सैलपणा आधी भरून काढावा लागतो.

रिळावरच्या पट्टीवर २३०–२५० लिहिलेलं होतं आणि त्यांनी २५० लावलं होतं, या समजुतीने की जास्त गरम म्हणजे थर जास्त घट्ट. पट्टीवरचा पल्ला खोटा नसतो, पण तो सगळ्या वेगांसाठी मिळून दिलेला असतो. आपल्याला त्यातलं कुठलं टोक हवं ते ठरतं नोझलमधून सेकंदाला किती प्लास्टिक जातं यावर. रेघेची रुंदी ०.४५ मिमी, थराची उंची ०.२ मिमी, वेग सेकंदाला ५० मिमी. गुणाकार केला की ४.५ घन मिमी. साध्या हॉटएंडला एवढं वितळवणं अजिबात जड नाही, म्हणून पल्ल्याचं खालचं टोक चालतं. सेकंदाला २०० मिमीने छापणाऱ्या यंत्रात हाच आकडा १८ होतो. प्लास्टिक नोझलमध्ये चौथाई वेळच राहतं, आणि तेव्हा स्क्रीनवर जास्त आकडा ठेवल्याशिवाय ते आतपर्यंत तापत नाही. वेगवान प्रिंटरवाल्या मित्राचे आकडे उचलून हळू प्रिंटरवर लावले की तारा ठरलेल्या.

त्यांनी नोझल २३५ वर आणलं. तारा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. २२५ वर आणलं. तारा अजून थोड्या राहिल्या, आणि आता झाकणाचा टेकू बोटाने दाबल्यावर थरातून मोडायला लागला. इथे थांबून विचार करायला हवा. तापमान कमी करत थर कमजोर होण्याच्या टोकाला पोचलो आणि तरी तारा आहेत, म्हणजे या तारा तापमानाच्या नाहीत.

कोकणात जुलैमध्ये उघड्यावर ठेवलेलं पीईटीजीचं रीळ हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी नोझलमध्ये वाफ होतं, वाफेला जागा हवी असते, आणि ती प्लास्टिकला बाहेर ढकलते. रिट्रॅक्शनने दाब कमी केला तरी वाफ तो पुन्हा तयार करते. म्हणूनच ओल्या फिलामेंटवर रिट्रॅक्शन कितीही वाढवलं तरी फारसा उपयोग होत नाही. उलट बाउडनमध्ये ते आठ-दहा मिमीपर्यंत नेलं तर मऊ प्लास्टिक थंड भागात ओढलं जाऊन अडकतं.

ओळखायची पद्धत: नोझल २३५ ला नेऊन हवेतच शंभर मिमी फिलामेंट बाहेर काढा. कोरडं असेल तर गुळगुळीत, चमकदार, एकसारखी तार खाली येते. ओलं असेल तर बारीक चुरचुर किंवा टक-टक आवाज येतो, तारेत बुडबुडे दिसतात, क्वचित वाफेचा धूसर झोतही दिसतो. प्रिंटवर याच्याच खुणा उमटतात: भिंत खरखरीत, चमक गेलेली, तारा अगदी बारीक, केसाळ आणि सगळीकडे. निव्वळ जास्त तापमानाच्या तारा थोड्या जाड असतात, त्यांच्या टोकाशी गोळा असतो आणि भिंत मात्र चकचकीत असते.

वाळवायला पीईटीजीला ६५ अंशांवर सहा तास तरी द्यावे लागतात. पीएलएला ४५-५० वर चार ते सहा तास. त्याच्या वर नेलं तर वेटोळे एकमेकांना चिकटून रीळच वाया जातं. एबीएसला ७०-८० वर चार तास. फळं वाळवायचं यंत्र असेल तर उत्तम. स्वयंपाकघरातला ओव्हन टाळा, त्याचा तापमापक एकदा १५-२० अंश वर उडी मारतो आणि तेवढ्यात रीळ वाकतं. यंत्र नसेल तर पीईटीजीसाठी प्रिंटरचाच बेड ७० वर ठेवा, रीळ त्यावर आडवं ठेवा, वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला, खोक्याला वरून वाफ जायला दोन भोकं पाडा आणि अर्ध्या वेळाने रीळ उलटं करा.

रीळ वाळलं की नाही हे वजनावरून कळेल असं सांगतात. प्लास्टिकचं रीळ असेल तर खरं आहे, एका किलोमागे दोनएक ग्रॅम कमी होतात आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते जेमतेम दिसतात. पण पुठ्ठ्याचं रीळ असेल तर तो पुठ्ठाच त्याहून जास्त पाणी सोडतो, तेव्हा काट्यावर भरवसा ठेवू नका, हवेत फिलामेंट काढूनच बघा.

तापमानाचा मनोरा, पण वाळवल्यानंतर

नोझलचा नेमका आकडा काढायला सगळे तापमानाचा मनोरा छापतात, ते योग्यच आहे. दर मजल्याला पाच अंश कमी होणारा छोटा मनोरा काही स्लायसरमध्ये तयार मिळतो. चूक होते ती क्रमात. ओल्या फिलामेंटचा मनोरा छापला तर प्रत्येक मजल्यावर तारा दिसतात, त्यातला सगळ्यात कमी तारांचा म्हणजे सगळ्यात थंड मजला आपण निवडतो, आणि पुढे महिनाभर कमजोर प्रिंट काढत राहतो. आधी वाळवा, मग मनोरा.

चिपळूणच्या त्या रिळाचा मनोरा २५० पासून २२० पर्यंत छापला. वाळवल्यानंतर २५० आणि २४५ च्या मजल्यांवर गोळ्यांसह तारा होत्या, २४० वर एखाददुसरी, २३५ वर जवळजवळ काही नाही, २२५ पासून भिंतीची चमक जाऊन ती पांढरट झाली. आता मनोरा हातात घेऊन मजल्या-मजल्यातून मोडून बघायचा. २२० ते २३० चे मजले थरातून सुबक मोडले. २३५ मोडताना वाकला, पांढरा पडला, मग तुटला. नुसतं डोळ्यांनी बघितलं असतं तर २३० आणि २३५ मध्ये निवड करता आली नसती. मोडण्याच्या परीक्षेने २३५ ठरलं. पहिल्या थराला २४०, कारण काचेवर नीट पसरायला थोडी जास्त ऊब बरी पडते. रिट्रॅक्शन ५ मिमी, रिकाम्या हालचालीचा वेग सेकंदाला १५० मिमी. बेड ७५.

मनोरा छापताना मजल्यांच्या सीमा पुसट वाटत असतील, किंवा एकाच तापमानावर कधी तारा आणि कधी नाहीत असं होत असेल, तर स्क्रीनवरचा नोझलचा आकडा दोन मिनिटं बघत राहा. तो एखाद-दोन अंशांतच हलायला हवा. पाच-सहा अंश वरखाली होत असेल तर हॉटएंडवरचं सिलिकॉनचं टोपडं निघालं आहे का, थंड करणाऱ्या पंख्याची हवा नोझलवरच येते का ते बघा. दोन्ही ठीक असतील तर हीटरचं तापमान स्थिर ठेवणारी पीआयडी जुळणी पुन्हा करा. मार्लिन फर्मवेअरमध्ये:

```
M303 E0 S235 C8 U1
M500
```

पहिली आज्ञा २३५ अंशांवर आठ फेऱ्यांत जुळणी करून आकडे लागू करते, दुसरी ते जपून ठेवते. हे करताना पंखा छापताना असतो तेवढ्या वेगावर चालू ठेवा, नाहीतर जुळणी शांत हवेची होते आणि प्रिंट वाऱ्यात होते. नोझल पितळी काढून कडक स्टीलचं बसवलं असेल तर तेही उष्णता कमी वाहतं. तिथे सगळे आकडे पाच-दहा अंश वर सरकतात आणि मनोरा नव्याने छापावा लागतो.

काचेबद्दल सावधान

पीईटीजीचा कोपरा क्वचितच उचलतो, त्याची अडचण उलटी आहे. स्वच्छ, गुळगुळीत काचेवर ते इतकं चिकटतं की प्रिंट ओढताना काचेचा टवका निघतो. गुळगुळीत पीईआय पत्र्याचंही तेच, वरचा पापुद्रा निघून येतो. बेडचं तापमान वाढवलं तर हे आणखी बिघडतं, म्हणून ८० च्या वर जायचं कारण नाही. वर शाळेतल्या गोंदकांडीचा पातळ थर द्या. इथे तो चिकटवायला नाही, मध्ये पडदा म्हणून आहे. प्रिंट संपल्यावर बेड पूर्ण थंड होऊ द्या. खोलीच्या तापमानाला आलं की बहुतेक वेळा आपोआप टक आवाज होऊन सुटतं. सुरीने उचकटायला गेलात तर काच जाईल.

चिपळूणचं झाकण शेवटी पीईटीजीचं आणि डबा एबीएसचा असं गच्चीवर लागलं. पण एबीएसला ऊन सोसत नाही. पिवळं पडतं आणि काही काळाने ठिसूळ होतं. बाहेरच्या कामाला एएसए घ्यावं. आकडे एबीएसचेच: नोझल २३५-२५०, बेड १००-११०, पंखा जवळजवळ बंद. आकसणं थोडं कमी वाटलं तरी खोकं काढून टाकण्याइतकं कमी नाही. पुढच्या डब्यासाठी त्यांनी तेच मागवलं आहे, आणि रीळ आलं की आधी वाळवायचं ठरलं आहे, नव्या पाकिटातलं असलं तरी. पाकिटातली ओलावा शोषणारी पुडी कधीकधी आधीच भरलेली असते.